आमची वाटचाल : कोऱ्या रकान्याचा हिशोब

आमचा व्यवसाय नाशिक जिल्ह्यातला आहे आणि त्याचा कणा एकच आहे. बाजार समित्यांतील दररोजचे घाऊक भाव सरकारच्या खुल्या फीडमधून घेऊन ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत आणि विश्वासाने पोचवणे, हे ते काम. हवामान, खतांचे वेळापत्रक, पिकांचा सल्ला हे सगळे ॲपमध्ये आहे. पण शेतकरी ॲप उघडतो तो भावासाठी, हे या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक आहे.

आमचे पहिले भागीदार, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी आयुष्यातील बरीच वर्षे एका बाजार समितीच्या कार्यालयात काढलेली होती. मला कोड येत होता आणि त्यांना लिलाव कळत होता. केंद्राच्या पणन व निरीक्षण संचालनालयाचे ॲगमार्कनेट 2000 सालापासून चालू आहे आणि देशभरातील बाजार समित्या आपापले भाव त्यात भरतात. तेच आकडे data.gov.in वर एपीआयच्या रूपाने मिळतात. अण्णांनी हे भरण्याचे काम स्वतः पाहिलेले असल्यामुळे, फीडमधील प्रत्येक ओळीमागे लिलाव आटोपल्यावर नोंदवही पुढ्यात घेऊन संगणकाशी बसलेला एक कर्मचारी असतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात पटवून दिले. यंत्र भाव पाठवते असे समजून कोड लिहिणारे या एका गोष्टीवर घसरतात.

मागणी पाठवण्याची रीत सोपी आहे.

```
https://api.data.gov.in/resource/9ef84268-d588-465a-a308-a864a43d0070
  ?api-key=KEY&format=json&offset=0&limit=500
  &filters[state.keyword]=Maharashtra
```

संकेतस्थळावर नमुन्यादाखल दिलेल्या कीवर एका वेळी फक्त 10 नोंदी मिळतात. तेवढ्यावर ॲप सुंदर चालते आणि मग लासलगाव का दिसत नाही म्हणून लोक डोके धरून बसतात. नोंदणी करून स्वतःची की घ्यावी, उत्तरातील `total` वाचावे आणि तेवढ्या नोंदी हाती येईपर्यंत `offset` पुढे सरकवत राहावे. हाती येणारी एक नोंद अशी असते (आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत) :

```
{"state":"Maharashtra","district":"Nashik",
 "market":"Lasalgaon","commodity":"Onion",
 "variety":"Other","grade":"FAQ","arrival_date":"07/08/2023",
 "min_price":700,"max_price":2201,"modal_price":1750}
```

तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने येते. महिना आधी मानणाऱ्या फंक्शनला ती दिली की 7 ऑगस्टचा भाव 8 जुलैचा होतो आणि कोणालाही पत्ता लागत नाही. महिन्याच्या 13 तारखेला मात्र तेच फंक्शन कोलमडते, कारण तेरावा महिना नसतो. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत या क्षेत्रातील ज्या कोणाचा तक्ता संशयास्पद दिसेल, त्याने प्रथम येथे पाहावे.

वरील नोंदीतील 1750 हा आकडा सरासरी नव्हे. किमान आणि कमाल यांची सरासरी 1450.5 येते, आणि एका ॲपवर तोच आकडा ‘सरासरी भाव’ म्हणून छापलेला मी पाहिला आहे. `modal_price` म्हणजे ज्या दराने सर्वांत जास्त माल विकला गेला तो दर. 700 हा बहुधा गोल्टीचा म्हणजे बारीक कांद्याचा किंवा खाद निघालेल्या मालाचा भाव असतो, 2201 एखाद्या निवडक वक्कलाला मिळालेला असतो, आणि चाळीतला साधारण बरा कांदा घेऊन येणाऱ्याने या दोन्ही आकड्यांकडे पाहून घराबाहेर पडू नये. म्हणून आमच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत तो मधला दर असतो आणि टोकाचे दोन आकडे त्याच्या खाली बारीक अक्षरांत असतात. कमाल भाव ठळक छापला तर ॲप जास्त उघडले जाते, हे आम्हालाही माहीत आहे.

बाजारांच्या नावांवर अण्णांनी जी मेहनत घेतली, तिचे मोल आजवर कोणी केलेले नाही. `Lasalgaon`, `Lasalgaon(Niphad)` आणि `Lasalgaon(Vinchur)` या तीन स्वतंत्र नोंदी आहेत, आणि नावात ‘लासलगाव’ आहे एवढ्यावर शोध घेतला तर विंचूर उपबाजाराचा भाव मुख्य बाजाराच्या नावावर जातो. `Arhar (Tur/Red Gram)(Whole)` म्हणजे तूर, `Bengal Gram(Gram)(Whole)` म्हणजे हरभरा, आणि सोयाबीनचे स्पेलिंग `Soyabean` असे आहे. अण्णांनी या सर्वांसमोर आपल्याकडची नावे बसवलेली एक तालिका तयार केली. तालिकेत नसलेले नाव फीडमध्ये दिसले की ती नोंद पडद्यावर न जाता बाजूला थांबते आणि माणूस ती पाहतो, हा नियमही त्यांचाच.

त्यानंतरची काही वर्षे सुरळीत गेली आणि त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे आहे ते 2023 चे. 19 ऑगस्ट 2023 रोजी, शनिवारी, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले आणि सोमवारी नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद झाले. लिलाव नाही म्हणजे भाव नाही, आणि भाव नाही म्हणजे फीडमध्ये ओळच नाही. हे फीड चालू दिवसाचे असते. ते शून्य पाठवत नाही, ‘बंद’ असा शेराही पाठवत नाही, ती ओळ नुसती येत नाही. त्या दिवशी आमच्या पडद्यावर लासलगावसमोर कांद्याचा रकाना कोरा होता, त्याखाली शेवटचा भाव त्याच्या तारखेसह होता, आणि ‘आज लिलाव झाल्याची नोंद नाही’ असे वाक्य होते.

त्याच वेळी आमच्या एका स्पर्धकाच्या ॲपवर त्याच बाजाराचा भाव सोमवारच्या तारखेने झळकत होता. तो शेवटच्या लिलावाचा भाव होता. नवी ओळ आली नाही तर जुनी ओळ उचलून तिच्यावर आजची तारीख घालायची, अशी त्यांची व्यवस्था होती. तिन्ही आकडे, म्हणजे किमान, कमाल आणि मधला, आदल्या नोंदीशी जसेच्या तसे जुळत होते. हजारो क्विंटल आवकेच्या बाजारात लागोपाठच्या दोन दिवशी तिन्ही आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत. ते आले तर तो भाव नवा नाही, हे कोणत्याही वाचकाने स्वतःच्या ॲपवर पडताळून पाहावे.

20 सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले आणि तो बंद जवळजवळ पंधरवडा चालला. तेवढे दिवस आमचा रकाना कोरा आणि त्यांचा भरलेला राहिला. आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग एका बियाणे वितरकाकडून येत असे. तो आपल्या ग्राहकांना आमचे ॲप वर्गणी भरून देत असे. त्याच्या कार्यालयात बोलावून मला दोन मोबाइल शेजारी ठेवून दाखवण्यात आले आणि ‘‘तुमचे ॲप रिकामे का?’’ असे विचारण्यात आले. मी खुलासा केला, बंदच्या बातम्या दाखवल्या. पुढच्या महिन्यात वर्गणी बंद झाली. पगार थकले, सर्व्हरचे पैसे अण्णांनी घरातून भरले, आणि दुकान बंद करावे की काय यावर आम्ही गंभीरपणे बोललो. जुनी ओळ पुढे ढकलण्याचा कोड लिहायला एक दुपार पुरली असती. अण्णा म्हणाले, ‘‘मी नोंदवहीत न झालेला लिलाव कधी लिहिला नाही, आता मोबाइलवर लिहू काय?’’

त्या काळात चांदवड तालुक्यातले एक काका आमच्या पाठीशी राहिले. ते पहिल्या वर्षापासूनचे ग्राहक. माल विकून आले की हिशोबपट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि आमच्या भावाशी ताडून पाहायला लावायचे, ही त्यांची सवय. पट्टीतील दर आमच्या किमान आणि कमाल यांच्या बाहेर गेला तर त्यांचा फोन ठरलेला. त्यांच्या शेजाऱ्याने भरलेला रकाना पाहून पिकअप भरली, बाजाराच्या फाटकापर्यंत नेली आणि भाडे अंगावर घेऊन परत आणली. काकांनी ही हकीकत आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत सांगितली आणि त्या कंपनीने आमच्याकडे वर्गणी भरली. रक्कम वितरकाच्या मानाने लहान होती, पण तिच्यावर आम्ही तरलो. वितरक परत आला नाही. स्पर्धकाला मात्र पुढे सत्कार मिळाला आणि त्याच्या भाषणात ‘अखंडित माहिती’ हे शब्द होते.

कोरा रकाना तीन कारणांनी येतो आणि ती वेगळी ओळखता येतात, हे त्या पंधरवड्याने आम्हाला कोडमध्ये उतरवायला लावले. राज्याची अट काढून मिळणारा देशभराचा `total` शून्याजवळ असेल तर दोष फीडचा किंवा पहाटेच्या वेळेचा असतो. अशा वेळी काही न बदलता तासाभराने पुन्हा मागणी पाठवावी. इतर जिल्ह्यांच्या ओळी आलेल्या असतील आणि आपल्या बाजारातील इतर शेतमालाच्याही असतील, फक्त कांदा नसेल, तर लिलाव बंद असण्याचा संभव मोठा. पूर्ण बाजारच गायब असेल तर एक तर सुट्टी असते किंवा कर्मचाऱ्याने अजून भरलेले नसते, आणि यांतले कोणते हे फीडवरून ठरत नाही. तेथे अण्णा फोन करतात. आम्ही दिवसातून अनेकदा मागणी पाठवतो, कारण ओळी दिवसभर येत राहतात आणि कधी दुरुस्तही होतात. बाजार, शेतमाल, वाण, प्रत आणि तारीख या पाचांची मिळून एक किल्ली ठेवली की दुरुस्त ओळ जुनीच्या जागी बसते. मूळ उत्तर मात्र आहे तसे रोज साठवून ठेवावे, कारण उद्या या फीडमध्ये आजचे काही नसेल.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी न विचारताही एक सांगतो. या फीडमध्ये आवकेचा रकाना नाही. पाच क्विंटलवर ठरलेला दर आणि पाच हजार क्विंटलवर ठरलेला दर पडद्यावर सारखेच दिसतात, म्हणून लहान बाजाराचा चढा भाव पाहून शेतकऱ्याला तिकडे जाण्याची सूचना पाठवू नये. आमच्याकडे तशी सूचना देण्याची सोय मागितली गेली आहे, पैसेही देऊ केले गेले आहेत, आणि आम्ही ती केलेली नाही. एककाचाही रकाना नाही. भाव प्रतिक्विंटल धरायचा असतो, पण आपल्याकडे कोथिंबीर आणि मेथी जुडीवर विकली जाते, आणि नोंदवहीतला आकडा जुडीचा की क्विंटलचा हे ओळीवरून सांगता येत नाही. म्हणून पालेभाज्यांचे भाव अण्णांनी त्या बाजाराला फोन करून खात्री केल्याशिवाय आमच्या ॲपवर येत नाहीत, आणि पुष्कळदा ते दुपारनंतरच येतात.