वीज काढलेलं पाणी

"काका, तोतलाडोहला पाण्यातून वीज काढून घेतात आणि तेच पाणी मग नागपूरला आपण पितो, त्यातला कस निघून जात नसेल का?"

नाही जात. मी जलविद्युत केंद्रात नोकरी केली म्हणून सगळे मलाच विचारतात, तर नीटच सांगतो.

धरण काय करतं, पावसाळ्यात पेंच नदीला आलेलं पाणी अडवून वर चढवून ठेवतं. टर्बाइन त्या पाण्याकडून घेतं ती फक्त ही उंची. पाणी मोठ्या पाइपातून खाली येतं, वरच्या पाण्याचा दाब त्याला ढकलत असतो, त्या जोरावर टर्बाइनचं चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं जनित्र वीज करतं. जेवढं पाणी आत गेलं तेवढंच बाहेर येतं.

आता हिशोब करून बघा. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या आणि ते पाणी 50 मीटर खाली सोडलं असं धरा. टर्बाइन आणि जनित्रात थोडं वाया जाऊन हातात येते साधारण 0.12 युनिट वीज, म्हणजे 9 वॉटचा एलईडी बल्ब तेरा-चौदा तास. एका युनिटला आठ हजार लिटरच्या वर पाणी लागतं! तोतलाडोहला 80 मेगावॉटचे दोन संच आहेत, म्हणून एवढा मोठा जलाशय लागतो.

आणि हेच पाणी टर्बाइनमधून न जाता सांडव्यावरून पडलं असतं तर? तीच ऊर्जा आवाजात, फेसात आणि शेवटी उष्णतेत गेली असती, पाणी जेमतेम 0.12 अंशाने तापलं असतं. म्हणजे आपण काढून घेतो ती पाण्याची एवढीशी ऊब, त्याने पिणाऱ्याला काय फरक पडणार.

उन्हाळ्यात पातळी उतरली की मात्र खरी अडचण होते. 50 मीटरची उंची 40 झाली तर तेवढ्याच पाण्यात वीज एक पंचमांश कमी. अजून खाली गेलं की पाइपाच्या तोंडाशी भोवरा पडतो, हवा आत ओढली जाते, मशीन थरथरायला लागतं, म्हणून ठरलेल्या पातळीखाली संच बंदच ठेवतात, धरणात पाणी दिसत असलं तरी.

पाण्यात बदल होतो, तो साठून राहिल्यामुळे. गाळ तळाशी बसतो म्हणून पाणी नितळ दिसतं, आणि उन्हाळ्यात वरचा थर तापून खालच्या गार पाण्यात मिसळत नाही म्हणून खोलवर ऑक्सिजन कमी होत जातो. पाइपाचं तोंड पाण्याखाली खोल असतं, त्यामुळे कधीकधी हे खालचंच पाणी बाहेर येतं, त्याला कुजका वास येऊ शकतो आणि त्रास होतो तो खालच्या डोहातल्या माशांना. आपल्याकडे ते नवेगाव खैरीच्या दुसऱ्या धरणात थांबून, पुढे शुद्धीकरण होऊन येतं, सो बिनधास्त प्या.