पीएमपीचे ४,६०० तास आणि तीन बंद पाकिटं

पीएमपी म्हणजे पीएमआय या संस्थेचं प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र. त्यासाठी अर्ज केला २०१९ मध्ये. तेव्हा पीएमआयची अट अशी होती: चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या आठ वर्षांतला ३६ महिन्यांचा आणि ४,५०० तासांचा अनुभव हवा, शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. अनुभवसुद्धा प्रकल्पात नुसतं असण्याचा चालत नाही, प्रकल्प चालवण्याचा लागतो. २०२१ पासून तासांची अट गेली, आता महिने मोजतात. मी मात्र तासांच्या काळातला.

माझ्याकडे चार प्रकल्प होते. पहिला १८ महिन्यांचा, दुसरा १२, तिसरा १०, चौथा १२. बेरीज ५२ महिने. महिन्याला १६० तास धरले की ८,३२०. म्हटलं, दुपटीच्या जवळपास आहेत, चिंता नाही. एका संध्याकाळी अर्ज भरून मोकळा होणार होतो. मग सहज जुन्या टाइमशीट उघडल्या आणि ८,३२० हा आकडा किती पोकळ आहे ते कळलं.

पहिली गोष्ट, त्या १६० तासांतला सगळा वेळ मी प्रकल्प चालवत नव्हतो. स्वतः कोडही लिहीत होतो, सपोर्टचे फोनही घेत होतो. टाइमशीट आणि जुन्या कॅलेंडरवरून अंदाज काढला: पहिल्या प्रकल्पात साधारण ६० टक्के वेळ प्रकल्प व्यवस्थापनाचा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ७०, चौथ्यात ७५. त्या हिशेबाने १,७२८, ९६०, १,१२० आणि १,४४०, म्हणजे ५,२४८ तास. एका झटक्यात तीन हजारांवर तास गेले. तरी पुरेसे होते.

दुसरी गोष्ट मला दोन दिवसांनी दिसली. पहिला प्रकल्प जानेवारी २०१४ ते जून २०१५, दुसरा मार्च २०१५ ते फेब्रुवारी २०१६. मार्च ते जून हे चार महिने दोन्हीकडे. असे महिने एकदाच मोजायचे, हे मला माहीत होतं. म्हणजे १८ आणि १२ मिळून ३० नव्हे, २६. तास दोन्ही प्रकल्पांचे धरता येतात. पण माझ्या तक्त्यात त्या चार महिन्यांत एकीकडे ६० टक्के आणि दुसरीकडे ५० टक्के होते. मी ११० टक्के काम करत होतो! रात्री जागलो होतो हे खरं, पण ते ६० आणि ५० हे आकडे त्या जागरणांवरून आलेले नव्हते, सरासरीवरून आले होते. चार महिन्यांचे ६४० तास, त्याचे १० टक्के म्हणजे ६४ तास काढून टाकले. आकडा छोटाच, पण कोणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. राहिले ५,१८४.

तिसरी चूक चौथ्या प्रकल्पात होती. प्रणाली डिसेंबर २०१७ मध्ये ग्राहकाच्या हातात दिली होती आणि पुढचे तीन महिने मी तिची देखभाल पाहत होतो. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो. देखभाल हे रोजचं चालू काम, ते धरत नाहीत. तीन महिन्यांचे ३६० तास गेले. ४,८२४.

इथे अर्ज पाठवून द्यावा असं वाटलं होतं. पण आधी प्रत्येक प्रकल्पाच्या वरिष्ठांना माझा मजकूर, तारखा आणि तास पाठवले. अर्जात त्यांची नावं आणि संपर्क द्यावे लागतात, आणि ऑडिट लागलं तर सही त्यांनीच करायची असते. पहिल्या आणि चौथ्या प्रकल्पाचे वरिष्ठ एकच होते, त्यांनी लगेच होकार दिला. तिसऱ्या प्रकल्पाच्या मॅडमचा मात्र फोन आला.

"तू लिहिलंयस ते बरोबर आहे, पण फेब्रुवारी कुठून आणलास? आपण डिसेंबरमध्येच क्लोजर रिपोर्ट दिला होता."

"मॅडम, जानेवारी-फेब्रुवारीत मी तिथेच होतो की."

"होतास. पण प्रकल्प नव्हता. मी यावर सही करणार नाही हं."

त्यांचं बरोबर होतं. मला थोडा रागच आला होता, तो त्यांचा नव्हे, माझ्या हिशेबाचा. दोन महिन्यांचे २२४ तास कापले. उरले ४,६०० तास आणि वेगळे महिने २६, ८ व ९ मिळून ४३. काठावर शंभर तास. हे तास पाच टप्प्यांत वाटायचे होते: सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख व नियंत्रण, समारोप. प्रत्येक प्रकल्पात पाचही टप्पे असायलाच हवेत असं नव्हतं. सगळे मिळून पाचही भरले की झालं. दुसऱ्या प्रकल्पाला मी समारोपाचे शून्य तास लिहिले, कारण तो समारोप खरोखर दुसऱ्यानेच केला होता.

अर्ज मंजूर झाला, शुल्क भरलं आणि पुढच्याच मेलमध्ये: तुमचा अर्ज ऑडिटसाठी निवडला गेला आहे. कुठलीतरी चूक सापडली म्हणून निवडतात असं मी समजत होतो. तसं नाही, निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते, शुल्क भरल्यावर कळते. मुदत ९० दिवसांची. ऑडिट अर्धवट सोडलं तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

मागितलं होतं ते असं: पदवीची प्रत, ३५ तासांच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि प्रत्येक प्रकल्पाच्या अनुभव पडताळणीच्या फॉर्मवर त्या त्या व्यक्तीची सही. तेव्हा हे कागदावर चालायचं. फॉर्म छापायचा, वरिष्ठांनी वाचून सही करायची, पाकिटात घालून बंद करायचं आणि पाकिटाच्या जोडावर पुन्हा सही करायची, म्हणजे मधे कोणी उघडलं नाही हे दिसावं. सगळी पाकिटं मग एकाच मोठ्या पार्सलमध्ये. फॉर्मवर अर्जातलाच मजकूर छापून येतो, त्यात खाडाखोड करता येत नाही. मॅडमच्या फोनची किंमत मला तेव्हा कळली. डिसेंबरची गोष्ट तेव्हा निघाली असती तर सहीच मिळाली नसती.

दुसऱ्या प्रकल्पाच्या वरिष्ठांशी संपर्क होईना. कंपनी बदललेली, जुना मेल बंद. दोन आठवडे वाट पाहिली (नको तेवढी). शेवटी पीएमआयला लिहून विचारलं की प्रकल्पाची नीट माहिती असलेली दुसरी व्यक्ती चालेल का. चालेल म्हणाले. ग्राहकाच्या बाजूने प्रकल्प पाहणाऱ्या गृहस्थांनी सही केली. ते दर आठवड्याच्या बैठकीत असायचे, त्यांना माझं काम माझ्याइतकंच आठवत होतं.

त्यांचं पाकीट आलं ते जोडावर सही नसलेलं. आत फॉर्म अगदी व्यवस्थित. मी तेच पाठवायचा मोह आवरला, नवा फॉर्म छापला, त्यांना पुन्हा विनंती केली. त्यात दहा दिवस गेले. पार्सल कुरिअरने गेलं तेव्हा मुदतीचे चाळीसेक दिवस शिल्लक होते.

पोहोचल्यानंतर साधारण आठवड्याने मेल आला, ऑडिट पूर्ण. परीक्षेची एक वर्षाची मुदत तिथून सुरू झाली, त्यात तीन वेळा बसता येतं. तक्ता अजून माझ्याकडे आहे. त्यात ८,३२० ची पहिली ओळ मी खोडलेली नाही.