सतरा गुणांचे गैरहजर

सहामाहीचे निकाल एका पडद्यावर दिसावेत, अशी आमच्या मुख्याध्यापकांची इच्छा. शाळेत गणित मी शिकवतो आणि कॉम्प्युटरही थोडाफार मलाच येतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. चोपडा तालुक्यातली शाळा, नववीच्या तीन तुकड्या. गुगल शीटमध्ये विषयवार उत्तीर्णांची टक्केवारी आणि तुकड्यांच्या तुलनेचा तक्ता दोन संध्याकाळींत उभा केला.

गणितात अ 75 टक्के, ब 71, क 79. ब चा रकाना लाल झाला. ती तुकडी एका नव्या मॅडमकडे आहे. सर म्हणाले, "मॅडमना बोलावू का?" तेवढ्यात त्यांचं बोट क वर थांबलं. "पट चाळीसचा ना? इथं बसलेले 29च दिसतात. बाकीना पोरे कथा गयात?"

कुठे जाणार? कापूस वेचायला! सहामाही आणि वेचणी एकदमच येते आमच्याकडे. पण ब मधलीही पाच पोरं वेचणीला गेली होती, आणि तिथं मात्र पट 45, बसलेलेही 45. म्हणजे गडबड माझ्या शीटमध्येच होती.

D रकान्यात लेखी 80 पैकी गुण, E मध्ये अंतर्गत 20 पैकी. गैरहजर पोराच्या लेखीच्या रकान्यात सगळ्यांनी AB लिहिलं होतं, पण बेरीज प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने केली होती. ब मध्ये SUM वापरलं होतं. SUM अक्षरं सोडून देतं, त्यामुळे लेखीचं AB आणि अंतर्गतचे 17 मिळून 17! पोरगं पेपरला आलंच नाही, तरी 17 गुण मिळवून नापास. क मध्ये D2+E2 होतं. तिथं #VALUE! ही चूक आली आणि फक्त आकडे मोजणाऱ्या माझ्या COUNT ने ती अकरा पोरं मोजलीच नाहीत.

तिन्ही तुकड्यांना एकच सूत्र लावलं:

```
=IF(ISNUMBER(D2),D2+E2,"गैरहजर")
```

गुण भरायचे राहिलेला रिकामा रकानाही यात गैरहजर ठरतो, म्हणून नावं हजेरीपटाशी ताडून पाहावी लागली. मग ब मध्ये बसलेल्या 40 पैकी 32 उत्तीर्ण, म्हणजे 80 टक्के. क मध्ये 29 पैकी 23, म्हणजे 79. एक पोरगं इकडचं तिकडे झालं तरी हा क्रम उलटतो, म्हणून लाल-हिरवे रंग मी काढूनच टाकले.

तरी क चे 79 मला खुपत होते. पटावरच्या चाळीसांशी भागलं तर साडेसत्तावन्नच येतात. दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी ठेवल्या आणि मधे गैरहजरांचा रकाना घातला.

सरांनी तो पडदा मिनिटभर पाहिला. मॅडमना बोलावणं राहिलंच. "क च्या अकरा जणांची नावं छापून दे," म्हणाले, "वेचणी कधी उरकते ते मी वस्तीवर जाऊन विचारतो."