अकरा महिन्यांचा कागद

मालवणच्या बाजारात काजू, कोकम आणि खाजा विकायला गाळा बघत होतो. गाळा मिळाला, बारा हजार भाडंही एका बैठकीत ठरलं. पुढचे दोन महिने मी फक्त एका वाक्यावर भांडलो, आणि अजून आठवलं की चिडचिड होते.

ते वाक्य होतं, ‘मुदत अकरा महिने, नूतनीकरणाच्या वेळी दहा टक्के वाढ’. गाळ्याचे मालक, सगळे तात्याच म्हणतात त्यांना, ठाण्याला राहतात, गावात येतात गणपतीला आणि मे महिन्यात. त्यांचं एकच पालुपद: “अकरा म्हयन्याच्या वर कागद करूचो नाय, मागे कूळ लागता.”

आधी मी मान डोलावली होती. वर्षाला दहा टक्के ना, मग ठीक. रात्री कॅलेंडर घेऊन बसलो तेव्हा खरी गोम कळली. करार १ ऑक्टोबरला सुरू केला तर पहिला संपतो ३१ ऑगस्टला, दुसरा जुलैअखेर, तिसरा जूनअखेर. म्हणजे वाढ दर वेळी पावसाळ्यात, किल्ल्याच्या होड्या बंद, बाजारात कुत्रं नाही, गल्ल्यात दिवसाला तीनशे रुपये. अशा वेळी मालकासमोर बसून मी काय घासाघीस करणार? शिवाय बारा हजारांचे तीन वर्षांच्या आत सोळा हजार होतात (खरं तर १५,९७२), कारण छत्तीस महिन्यांत वाढ दोनदा नाही, तीनदा लागते. आणि मी रॅक, काउंटर, लाइट यांत पावणेदोन लाख घालणार होतो. अकरा महिन्यांनी ‘निघ’ म्हटलं तर ते रॅक काय घरी माजघरात लावू?

मी छत्तीस महिने मागितले. तात्या फोन ठेवायचे. परत करायचो. एकदा तर म्हणाले, “माका शाळा शिकवू नको.”

शेवटी गणपतीत त्यांच्या ओसरीवर बसलो आणि वहीत दोन रकाने काढले. त्यांच्या हिशोबाने तीन वर्षांचं भाडं ४,८४,८३६. माझा प्रस्ताव होता की टक्के नकोतच, दर ऑक्टोबरला सातशे रुपये वाढ, आकडा करारातच लिहायचा: १२,०००, मग १२,७००, मग १३,४००. एकूण ४,५७,२००. “तात्यानु, सत्तावीस हजार कमी, पण मधी गाळो एक म्हयनो जरी रिकामो रवलो तर बारा-तेरा हजार तसेच गेले,” मी म्हटलं. ते गप्प बसले. मग त्यांची खरी भीती बाहेर आली, की नोंदवलेल्या लांब कागदाने भाडेकरू हक्क सांगतो.

इथे माझ्या चुलतभावाने ऐकवलेली गोष्ट कामी आली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवलेल्या कागदावर वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. म्हणजे साधा स्टँप पेपर त्यांनाच घातक होता. तात्यांनी चष्मा काढून पुसला, आतून चहा मागवला. मला तेव्हाच कळलं, जमलं.

नोंदणीचं काही नाही. अंगठा त्यांनी ठाण्यातून, मी इथून दिला. स्टँप ड्युटी पाव टक्का, तीही एकूण भाडं आणि डिपॉझिटवरच्या वार्षिक दहा टक्के मानलेल्या व्याजावर. साठ हजार डिपॉझिट धरून बाराशेच्या आसपास, वर नोंदणी फी हजार.

डिपॉझिटचं सांगायचं राहिलं. मसुद्यात होतं, ‘पुढील भाडेकरू आल्यावर परत’. तो कधी येणार? ते खोडून ‘किल्ली देईल त्याच दिवशी, थकीत वीजबिल वजा करून’ असं लिहून घेतलं. आणखी एक, समुद्राकाठी दुकान घेणाऱ्यांनी हे नक्की लिहून घ्या: खाऱ्या हवेने शटर गंजलं, भिंतीला ओल आली तर ती भाडेकरूने केलेली मोडतोड धरायची नाही. माझ्या शेजाऱ्याचे आठ हजार शटरच्या नावाने कापलेले आहेत. मी ताबा घेताना शटरचा, बिजागऱ्यांचा तारखेसह फोटो काढून करारालाच जोडला.

पहिलं वर्ष दोघांनीही मोडायचं नाही, नंतर मी दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. मालकाला मात्र भाडं थकल्याशिवाय छत्तीस महिने काढता येत नाही. ही अट त्यांनी न वाचताच मान्य केली, बहुधा चहा चांगला झाला होता.

पावसाळ्याचं अर्धं भाडं मात्र मिळालं नाही. मी ‘अर्धं’ म्हटलं आणि तिथेच फसलो. आठ महिने पंधरा, चार महिने सहा म्हटलं असतं तर वर्षाचे तेच १,४४,००० होतात, आणि तात्यांना नाही म्हणायला काही उरलं नसतं. हे सुचलं सही झाल्यावर, एसटीत.