सरांना पाठवलेला दुसरा मेसेज

पहिला मेसेज मी शनिवारी रात्री साडेनऊला पाठवला होता. तो असा: "सर, उजव्या पायात थोडं दुखतंय. उद्या 28 किमी करू का?"

सरांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "पायात म्हणजे कुठं मॅडम? पाय मांडीपासून बोटापर्यंत असतो. उद्या काहीच करू नका."

मी परभणीची, शाळेत शिकवते. वय 41. मला पळायला शिकवणारे सर संभाजीनगरला असतात. ते आठवड्याचं वेळापत्रक पाठवतात, मी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे पळून रोज कळवते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन होती, माझी पहिलीच. ठरलं होतं साडेचार तास, म्हणजे किलोमीटरला 6:24. आठवड्याला 55 किलोमीटर होत होते, रविवारचं लांबचं पळणं 26 वर पोचलं होतं. आणि शर्यतीला नऊ आठवडे उरले असताना मी हा 'थोडं दुखतंय'वाला मेसेज पाठवला. खरं तर दुखायला लागून तीन आठवडे झाले होते.

रविवारी सरांनी चार प्रश्न पाठवले. नेमकं कुठं दुखतं, बोट ठेवून फोटो पाठवा. कधीपासून, आणि त्याच्या आधीच्या दहा दिवसांत काय काय नवीन केलंत? कशानं वाढतं, कशानं कमी होतं? आणि चौथा, जो मला तेव्हा विचित्र वाटला: "पळताना काय होतं ते नंतर सांगा. सकाळी उठल्यावर पलंगापासून बाथरूमपर्यंतची पहिली दहा पावलं कशी पडतात ते आधी सांगा."

त्या दहा पावलांतच सगळी गोम होती. माझी फसगत अशी होत होती: सकाळी पाय टेकला की टाचेच्या वर, घोटशिरेत, कुणी दोरी आवळल्यासारखं व्हायचं. लंगडतच बाथरूमपर्यंत जायचे. मग बूट घालून निघालं की पहिले दोन किलोमीटर खेचायचं, तिसऱ्याला गायब. मी म्हणायचे, बघा, पळल्यानंच बरं होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोरी, आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त घट्ट. शीर गरम झाली की दुखणं झाकलं जातं, संपत नाही. आदल्या दिवशीचा भार तिला झेपला की नाही हे ती दुसऱ्या सकाळीच सांगते. हे मला सरांनी नंतर फोनवर समजावलं.

"नवीन काय केलंत?" या प्रश्नावर मी आधी "काही नाही" असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी घड्याळातल्या नोंदी चाळल्या. भाऊबीजेला माहेरी संभाजीनगरला गेले होते. भावानं ओवाळणीत बूट घातले, छान हलके. दुसऱ्या दिवशी तेच घालून आम्ही दोघं दौलताबादहून खुलताबादच्या घाटात पळालो. परभणीत चढ म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूल, तेवढाच. घाट मी वर्षभरात पळाले नव्हते. आणि जुन्या बुटात टाच पंजापेक्षा 10 मिलिमीटर उंच होती, नव्यात 4. टाच खाली गेली की शीर जास्त ताणली जाते, चढावर पोटरीला जास्त ढकलावं लागतं. दोन्ही एकाच सकाळी, सोळा किलोमीटर. भावाला हे अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल आपोआप खाली वळलं, म्हणजे शीर तुटलेली नाही. मग चिमटीत शीर धरून खालून वर दाबत गेले. हाडापासून चार बोटं वर आल्यावर मी ओरडले. तिथं डावीपेक्षा जाडही लागत होती. गेल्या महिन्यात जुलाबासाठी वगैरे अँटिबायोटिक घेतलं का, असंही विचारलं. काही अँटिबायोटिकांनी शिरा कमकुवत होतात म्हणे. मी घेतलं नव्हतं. शेवटी भिंतीला बोटं टेकवून एकेका पायावर टाच उचलून चवड्यावर यायला लावलं. डाव्यावर 22 झाले, उजव्यावर 9, आणि नवव्याला टाच अर्धीच उठली.

मंगळवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मी दुसरा मेसेज लिहायला बसले. नवरा म्हणाला, "एवढं काय लिहायलीस? रजेचा अर्ज हाय का?" जवळपास तसंच होतं. जसा पाठवला तसा देते:

"सर, उजवी घोटशीर, टाचेच्या हाडापासून चार बोटं वर. फोटो सोबत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घाट आणि नवे कमी टाचेचे बूट एकदम केले, त्यानंतर चार दिवसांनी सुरू झालं. सकाळच्या पहिल्या दहा पावलांना दुखणं दहापैकी 5, दिवसभरात 1. पळताना आधी 4, तिसऱ्या किलोमीटरपासून 0. वेगाच्या दिवशी पळून झाल्यावर दुसऱ्या सकाळी 6. सूज नाही, आवाज आला नव्हता. फिजिओ म्हणाले शीर तुटलेली नाही, जाड झाली आहे. थोडं पळणं चालेल, चढ आणि वेग नको. चवडे डावा 22, उजवा 9.

चुकीचं केलं ते: तीन आठवडे सांगितलं नाही. मागच्या रविवारी 26 च्या आधी दुखण्याची गोळी घेतली.

माझ्याकडे काय आहे: जुने बूट, सायकल, सकाळी सव्वापाच ते पावणेसात. जिन्याला पायऱ्या आहेत.

विनंती: वेळापत्रक पुन्हा आखून द्या. साडेचार तास सोडायची तयारी आहे. मुंबई सोडायची मनापासून नाही, पण तुम्ही म्हणालात तर सोडेन. हे कोणत्या तारखेला ठरवायचं तेवढं आत्ताच सांगा, म्हणजे मी रोज विचारणार नाही."

शेवटची ओळ लिहिताना मला स्वतःचीच ओळख पटली.

यावर सरांनी फोनच केला. गोळीवरून सगळ्यात जास्त बोलले. "मॅडम, शीर हाका मारायली आणि तुम्ही तिच्या तोंडावर उशी ठेवायलात." शिवाय लांब पळताना अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात अशा गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. गोळी बंद, शर्यतीच्या दिवशीही बंद. मला वाटलं होतं पूर्ण विश्रांती सांगतील. त्यांनी तीही नको म्हटलं. पाय वर करून महिनाभर बसलं की दुखणं थांबतं, पण शीर तेवढीच अशक्त होते आणि परत पळायला लागलं की तिथूनच सुरुवात. भार द्यायचाच, पण मोजून.

बुधवारी नवं वेळापत्रक आलं. पहिल्या आठवड्यात 55 च्या जागी 18 किलोमीटर: 5, 5 आणि 8, मध्ये एकेक दिवस सोडून, सगळं सपाट, जुन्या बुटात, आत टाचेखाली एक सेंटिमीटरची चकती घालून. सायकल दोनदा, पाऊण पाऊण तास, पेडल टाचेकडच्या बाजूनं दाबायचं. पुढं 24, मग 30. वेगाचं पळणं पूर्ण काढून टाकलं.

आणि रोज दोनदा पायरीवर चवड्यांचा व्यायाम. चवडे पायरीच्या कडेवर, दोन्ही पायांनी वर जायचं, डावा उचलायचा, उजव्या टाचेनं चार मोजत सावकाश खाली उतरायचं. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा वाकवून पंधराचे तीन. दोन आठवड्यांनी ते सोपं गेलं तेव्हा पाठीवर वजन घ्यायला सांगितलं. मी मुलाच्या दप्तरात पाच किलो ज्वारी भरून जिन्यात उभी राहायचे. शेजारच्या काकू रोज भाजी घ्यायला उतरताना थांबून बघायच्या.

नियम एकच होता: पळताना दहापैकी 3 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढता कामा नये. वाढला तर पुढचं पळणं सायकलवर. मी फ्रिजवर कॅलेंडर लावलं आणि दात घासायच्या आधी आकडा लिहायला लागले. 5, 5, 4, 4, 4, 3.

चौथ्या आठवड्यात मीच माती खाल्ली. परभणीत थंडी उतरली होती, पहाटे बोटं वाकत नव्हती. विद्यापीठात पळणाऱ्यांचा एक घोळका भेटला आणि शेवटचे तीन किलोमीटर मी त्यांच्याबरोबर किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगानं गेले. पळताना दुखणं 0. दुसऱ्या सकाळी 6. या वेळी तीन आठवडे थांबले नाही, साडेपाचलाच मेसेज टाकला: "सर, काल 3 किमी सहाच्या वेगानं, माझी चूक. सकाळी 6." उत्तर आलं: "ठीक. तीन दिवस सायकल. चवडे चालू, ज्वारी बंद." तो आठवडा 22 वर संपला. चौथ्या दिवशी आकडा 3 वर आला होता.

निर्णयाची तारीख सरांनी शर्यतीच्या तीन आठवडे आधीची दिली होती. अटी तीन: 28 किलोमीटर पूर्ण व्हावेत, त्याच्या दुसऱ्या सकाळी आकडा 3 च्या वर नसावा, उजव्यावर किमान 18 चवडे व्हावेत. पाचव्या आठवड्यात 22 चं लांबचं झालं. सहाव्यात 28 केलं, नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, अशा हिशोबानं. चालायच्या मिनिटाला मला लाज वाटायची, विशेषतः ओळखीचं कुणी फिरायला आलेलं असलं की. दुसऱ्या सकाळी 3. चवडे 19.

सरांनी "जा" म्हटलं, पण साडेचार नाही. पाच तास, किलोमीटरला 7:07, चालण्याची मिनिटं धरून. पेडर रोडचा चढ पूर्ण चालायचा, तिथं कुणी कितीही ओरडून प्रोत्साहन दिलं तरी. आणि मध्येच शीर झणकन ओढली गेली किंवा लंगडायला झालं, तर त्या क्षणी बाजूला व्हायचं.

देवगिरी एक्स्प्रेसनं गेलो. पेडर रोड चालले. एक पोरगा "चलो आंटी, रन!" म्हणून ओरडत होता, त्याला हात केला आणि चालत राहिले. 5 तास 4 मिनिटं लागली. ती वरची चार मिनिटं मला अजून टोचतात. सरांना वेळ कळवली तर ते म्हणाले, वेळ राहू द्या, उद्या सकाळचं सांगा.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला नणंदेच्या घरी उठले. पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंत धरून गेले. मांड्या, पोटऱ्या, दोन्ही पाय सारखेच बोंबलत होते, त्यामुळे उजव्या शिरेला वेगळा आकडा देता येईना. सरांना तसंच लिहून पाठवलं.