नरकासुराला मारलं कोणी?

नरक चतुर्दशीच्या पहाटे ऐकवायची तीन मिनिटांची संहिता म्हणजे निवांत निवेदनाला जेमतेम साडेतीनशे शब्द. त्यात कथा हवी, अभ्यंगस्नान हवं, कारीट तर हवंच. मग "इतर प्रांतांत वेगळ्या कथा प्रचलित आहेत" हे वाक्य शेवटी चिकटवून मोकळं व्हायचा मोह होतो. पण त्यातून वेगळं काय आहे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही.

फरक सांगायचा तर तो कथेत जिथे पडतो तिथेच सांगावा. सुरुवात बिनधोक आहे: प्राग्ज्योतिषपूरचा राजा नरकासुर, भूमीचा पुत्र, अदितीची कुंडलं पळवणारा, हजारो स्त्रियांना कोंडून ठेवणारा. कृष्ण सत्यभामेला घेऊन गरुडावरून निघतो. इथवर कुणाची हरकत नसते. वाट फुटते ती वधापाशी. भागवतात चक्र कृष्णाचं आहे. दक्षिणेत मात्र बऱ्याच ठिकाणी सांगतात, की मातेच्या हातूनच मरण येईल असा नरकासुराला वर होता आणि सत्यभामा ही भूदेवीचाच अवतार, म्हणून बाण तिने मारला. संहितेत एवढंच पुरतं: "आपल्याकडे सांगतात, कृष्णाने चक्र सोडलं. आंध्रात हीच कथा ऐकाल, तर बाण सत्यभामेचा असतो." दोन वाक्यं, की लगेच पुढे.

दोन्हींची भेळ मात्र करू नये. कृष्ण मूर्च्छित पडला, सत्यभामेने बाण मारला आणि मग चक्राने मस्तक उडवलं, असं लिहिलं की दोन्हीकडचे श्रोते कपाळाला हात लावतात.

"असं म्हणतात" किती वेळा यावं? एकदा कथेच्या दारात आणि एकदा फाटा फुटतो तिथे. प्रत्येक वाक्याला लावलं तर निवेदक साक्षीला उभा राहिल्यासारखा वाटतो. मधली क्रियापदं खुशाल "निघाला, गाठलं, मारलं" अशी ठेवावीत. खरी जपणूक "तेव्हापासून" या शब्दाची करायची. "तेव्हापासून दिवाळी साजरी होते" म्हटलं, की उत्तरेत रामाच्या परतण्याचे दिवे लावणारा लगेच दुरुस्ती सुचवतो. "या पहाटेच्या स्नानामागे ही कथा सांगतात" म्हटलं, की कुणाचंच काही हिरावलं जात नाही. तिथीचंही तसंच. आपली आश्विन वद्य चतुर्दशी उत्तरेच्या पंचांगात कार्तिक कृष्ण असते; दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं.

सगळ्यात अवघड श्रोता आसामचा. प्राग्ज्योतिषपूर त्याच्याच गावाकडचं. कामरूपच्या राजांनी आपली वंशावळ नरकापासून सांगितली आहे, आणि कामाख्येच्या डोंगराची पायवाट त्याने एका रात्रीत बांधायला घेतल्याची दंतकथा तिथे अजून सांगतात. गोव्यात मात्र त्याच नरकासुराचे अवाढव्य पुतळे पहाटे जाळतात. तीन मिनिटांत हे सगळं मावत नाही. मग "दुष्ट, क्रूर, पापी" ही विशेषणांची माळ काढून टाकावी. कुंडलं आणि बंदिवास तेवढं काम चोख करतात, आणि कारिटासाठी चार वाक्यांची जागाही निघते.