ढेसा, ढेसे, ढेशाला : निरर्थक शब्दांची चाचणी, सध्याची नोंद

गेल्या वेळी सामान्यरूपांवर, म्हणजे 'ला', 'त' असे प्रत्यय लागताना नामाचं जे बदललेलं रूप होतं त्यावर, निरर्थक शब्द वापरून बघायचं ठरवलं होतं. आता ते वर्गात करून झालंय, आणि त्यातला एकच भाग या नोंदीत सविस्तर लिहितो : 'स'चा 'श' होणं.

आपण सगळे मासा, मासे, माशाला म्हणतो. ससा-सशाला, घसा-घशात, आरसा-आरशात, तसंच. शाळेच्या व्याकरणात हा नियम येतो, पण तो शिकायच्या कितीतरी आधी मूल 'सशाला' म्हणत असतं. प्रश्न असा, की ते मूल 'सशाला' हे अख्खं रूप ऐकून लक्षात ठेवतं, की त्याच्या डोक्यात 'स' बदलणारं काही चालू असतं? खऱ्या शब्दांवरून हे कधीच कळणार नाही, कारण खरं रूप प्रत्येकाने ऐकलेलंच असतं. म्हणून असा शब्द हवा जो आजवर कोणी ऐकलेला नाही.

युक्ती जुनी आहे. भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी 1958 मध्ये ती इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर वापरली : एका काल्पनिक प्राण्याचं चित्र, त्याचं नाव 'वग', मग दोन प्राण्यांचं चित्र आणि अर्धवट सोडलेलं वाक्य. मुलं चार ते सात वर्षांची होती. 'वग'चं अनेकवचन 91 टक्के उत्तरांत बरोबर आलं. पण मला त्यातली दुसरीच जोडी जास्त आवडते. 'ग्लास'चं अनेकवचन 91 टक्के वेळा बरोबर, आणि त्याच घडणीच्या 'टास' या बनावट शब्दाचं फक्त 36 टक्के. म्हणजे 'ग्लासेस' बरोबर म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांना तो नमुना अजून आलेलाच नव्हता, त्यांना तो शब्द येत होता. म्हणून आमच्या वर्गातही 'मासा' आणि बनावट शब्द शेजारी शेजारी ठेवले.

शब्द निवडण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. 'टोसा' चालत नाही, 'ठोसा' फार जवळ आहे आणि ऐकणारा 'ठोशाला'वरून उचलेल. 'भुलासा' म्हटलं की 'खुलासा' आणि 'दिलासा' धावत येतात. व्यंजनानंतर लगेच 'सा' असलेले शब्दही टाळले, कारण 'लहानसा-लहानशा' मधला 'सा' प्रत्यय म्हणून तो वेगळा पडू शकतो. शेवटी 'ढेसा' राहिला. जोडीला 'थोगा' घेतला, ज्यात बदलण्यासारखा 'स' नाहीच.

प्राणी कार्डांवर काढले. दोन्ही ओबडधोबड, आणि एकमेकांपासून चटकन ओळखू येतील असे. नाव फक्त तोंडी सांगायचं, फळ्यावर लिहायचं नाही. लिहिलं की मोठी मुलं शुद्धलेखनाचा नियम आठवायला लागतात आणि आपण मोजतो ते त्यांचं पाठांतर. एकेकाला बाजूला बोलावून विचारलं. सगळ्या वर्गाला एकदम विचारलं तर पहिला मोठा आवाज जे म्हणेल तेच बाकीचे म्हणतात.

प्रश्न दोन टप्प्यांत. आधी : "हा ढेसा. आणखी एक आला. आता हे दोन कोण?" मग तिसरं कार्ड, त्यात एक मुलगी प्राण्यासमोर पाण्याचं भांडं ठेवते आहे : "हिने कोणाला पाणी दिलं?" विचारणाऱ्याच्या तोंडून 'ढेशा' किंवा 'ढेसा' यातलं कुठलंच रूप विभक्तीसह निसटता कामा नये. हे ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात जीभ सारखी आवरावी लागते.

आता दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं तीन प्रकारची येऊ शकतात, आणि गंमत त्यांच्यातल्या फरकात आहे.

'ढेशाला' आलं तर शब्दाने सामान्यरूप घेतलं आणि 'स'ही बदलला. 'ढेस्याला' आलं तर सामान्यरूप घेतलं, पण 'स' तसाच राहिला. म्हणजे रूपाचा नियम आहे आणि ध्वनीचा नाही. 'ढेसाला' मात्र फसवं आहे. काका-काकाला, व्हिसा-व्हिसाला याप्रमाणे बोलणाऱ्याने तो शब्द विशेषनाम किंवा परका मानला असेल. तिथे सामान्यरूपच झालेलं नाही, मग 'स' बदलायची वेळच आली नाही. अशा उत्तराला "नियम येत नाही" म्हणून लाल शेरा देणं अन्याय आहे.

म्हणूनच पहिला प्रश्न अनेकवचनाचा आणि म्हणूनच 'थोगा'. जो 'हे दोन ढेसे' म्हणाला आणि ज्याने 'थोग्याला' म्हटलं, त्याने आकारान्त पुल्लिंगी नामाची चाल धरली हे नक्की. त्याच्याच 'ढेशाला'ला किंवा 'ढेस्याला'ला अर्थ आहे. 'हे दोन ढेसा' म्हणणाऱ्याचं दुसरं उत्तर बाजूला ठेवायचं.

या चाळणीतून उरलेल्यांपैकी बहुतेकांनी 'ढेशाला'च म्हटलं, बरेचदा न थांबता. एका मुलीचं उत्तर मला फार आवडलं. ती आधी "ढेस्या..." म्हणाली, स्वतःच अडखळली, आणि "ढेशाला" करून पुढे गेली. का बदललं असं विचारलं तर म्हणाली, "तसं बरं नाही वाटत." याहून जास्त स्पष्टीकरण नियम पाठ असलेल्या मोठ्या माणसालाही देता आलं नसतं.

अनेकवचनातही एक गोष्ट दिसते, ती नजरेतून सुटू नये. 'ढेसे'मध्ये 'स' टिकतो. कसा, कशी, कशा यांत 'ई' आणि 'या'पुढे श येतो, पण प्रमाण बोलीत 'कसे' राहतं. ज्यांच्या बोलण्यात 'अशे, कशे' आहे त्यांच्याकडून 'ढेशे' आलं तर ती चूक धरू नये. त्यांचा नमुना थोडा रुंद आहे इतकंच. विचारायच्या आधी त्या व्यक्तीचं साधं बोलणं थोडं ऐकून ठेवावं, मग हा घोळ होत नाही.

'ज'चं प्रकरण याच्या उलट आहे. 'डुंजा' हा शब्द 'जोर'मधल्या दंततालव्य ज ने म्हटला आणि अनेकवचन विचारलं, तर 'डुंजे'मध्ये 'जीव'मधला तालव्य ज यायला हवा, राजा-राजे यासारखा. इथे 'ए'पुढेही बदल होतो. पण अक्षर एकच असल्यामुळे लेखी उत्तराचा काडीचा उपयोग नाही, आणि घाईत कानही फसतो. ध्वनिमुद्रण करून, कोणी म्हटलंय ते न सांगता दुसऱ्याला ऐकवावं लागतं. आमचं मुद्रण गोंगाटात झाल्यामुळे त्यावर अजून काही म्हणत नाही.

एक मर्यादा सांगून ठेवतो. 'ढेशाला' मिळालं म्हणजे डोक्यात "स चा श" असा मोकळा नियम आहे हे सिद्ध होत नाही. घसा, ससा, मासा यांच्या साधर्म्यानेही तेच रूप येऊ शकतं. एवढं मात्र पक्कं होतं, की प्रत्येक रूप साठवून ठेवलेलं नाही. दोन्हींत फरक करायचा तर खऱ्या शब्दांपासून जवळ आणि लांब असे बरेच बनावट शब्द लागतील, आणि ते एका तासिकेत बसत नाही.

पुढच्या फेरीत 'ही डूस' घेणार आहे. स्त्रीलिंगी व्यंजनान्त शब्दाला दोन वाटा असतात : नस-नसा किंवा घूस-घुशी. त्यामुळे अनेकवचन 'डुसा' येईल की 'डुशी', हे आधी सांगता येत नाही, आणि दोन्हींतला ऊ ऱ्हस्व व्हायला हवा. कोणी 'डुसी' म्हणतंय का, ते मला ऐकायचं आहे.